पंचेचाळीसचा पाव

पावाचे दर वाढवायचे यावर बेकरीवाल्या नवरा-बायकोचं एकमत होतं. वाद होता तो कसे वाढवायचे यावर.

"पाव तीस ग्रॅमने कमी करू," भट्टीवरचा नवरा म्हणाला. "कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"माझ्या येईल ना," पाववाल्या काकू म्हणाल्या आणि कागद घेऊन बसल्या.

सकाळी दुकानाच्या काचेवर पत्र लागलं.

'आमच्या रोजच्या मंडळींना,

सोमवारपासून चारशे ग्रॅमचा पाव चाळीसऐवजी पंचेचाळीसला. पीठ दोनने वाढलं, गॅस तीनने. आता एका पावाला पीठ सोळा, यीस्ट-मीठ-तेल चार, गॅस आठ, भाडं आणि वीज सात, मदतनीस ताईंचा पगार पाच. आम्हाला उरतात चार, पूर्वीइतकेच. वजन तेच राहील. राग आला तर आत येऊन सांगा, चहा देऊ.'

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "सगळं घरच टांगलंस की काचेवर."

लोक थांबून वाचू लागले. एका गृहस्थांनी "मोठ्या दुकानात अडतीसला मिळतो" असं सुनावलं आणि ते निघून गेले. काकूंचा चेहरा पडला. तेवढ्यात गणिताच्या निवृत्त बाई चष्मा सावरत आत आल्या.

"बेरीज चुकली आहे."

"तीनदा केलीय, बाई."

"सोळा, चार, आठ, सात, पाच. झाले चाळीस. तुमचे चार धरून चव्वेचाळीस. वरचा एक कुठला?"

काकूंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. एवढं खरेपणाचं पत्र, आणि त्यातच एक जास्तीचा! नवरा हात पुसत भट्टीमागून आला, त्याने पत्र वाचलं आणि हसायलाच लागला.

"अगं, कागदी पिशवी! तिचा एक लिहायचाच राहिला."

"मग मला पिशवी नको," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपली कापडी पिशवी पुढे केली. "मला चव्वेचाळीस."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो खांदे उडवून म्हणाला, "हिशेब तूच मांडलास, आता भोग."

काकूंनी तिथल्या तिथे पेन काढलं आणि पत्राखाली भर घातली: 'पिशवी एक. स्वतःची आणलीत तर चव्वेचाळीस.'

सोमवारी रांग नेहमीसारखीच लागली, फक्त रंगीबेरंगी होती. कुणी उशीचा अभ्रा आणला होता, तर रिक्षावाल्या दादांनी चक्क हेल्मेट पुढे केलं.

"हे चालेल का?"

"धुतलंय का?" काकूंनी विचारलं.

दादा विचारात पडले आणि मुकाट्याने पिशवीचा एक जास्तीचा देऊन गेले.

अडतीसवाले गृहस्थ काही परत आले नाहीत. पण चहा मागायला मात्र सात जण येऊन गेले, आणि त्यातला एकही रागावलेला नव्हता.