एका वेळी एक रेघ

बाबांची फाईल मी उघडली ती ते गेल्यानंतरच्या नऊ संध्याकाळच्या जपमाळा संपल्यावर, शेजारणी आपापल्या खुर्च्या परत घेऊन गेल्यावर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांचा संगणक होता आणि शेजारी भिंतीवरून उतरवलेलं घड्याळ. घड्याळ तिथे का आणलंय हे मला कळलं नाही. मी ते परत खिळ्याला अडकवलं.

नगरसभेने बाबांना शुक्रवारी सकाळी दहा मिनिटं दिली होती. विषय, एल रोबलालच्या शाळेखालची जमीन. मी सचिवबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यांचं नाव खोडून तुझं लिहिते गं. दहा मिनिटं तीच.”

बाबा, हिल्दार्दो कार्दोना, भूमापक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेमागच्या उतारावर पडलेल्या भेगेच्या दोन्ही काठांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि दर जानेवारीत टेप लावून त्यांच्यातलं अंतर मोजलं. भेग कुठवर पोचली तेही नकाशावर आखून ठेवलं. सहा वर्षं. कोणी सांगितलं नव्हतं. आता प्रश्न एवढाच होता की पावसाळ्याआधी शाळेतली चौतीस मुलं दुसरीकडे हलवायची की नाही, आणि ते नगरसभेच्या नऊ जणांच्या हातात होतं.

दोन वर्षांपूर्वी बाबा याच सभेपुढे उभे राहिले होते. तेव्हा त्यांना संगणकाचं नवं वेड लागलं होतं. अक्षरं कोंबड्यांसारखी चारही बाजूंनी उडत आली, प्रत्येक मुद्द्याला टाळ्यांचा आवाज, आणि शाळेचा फोटो गिरक्या घेत पडद्यावर उतरला. सभापती आर्नुबिओ बेतांकुर म्हणाला, “हिल्दार्दो, शाळा येतेय की चाललीय?” सभा हसली. हसता हसता विषय पुढे ढकलला गेला. बाबांनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तेही हसले, पण जरा उशिरा.

मग काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. “पोरी, मी सगळं काढून टाकलं. हलणारी एकच गोष्ट ठेवायची. डोंगर हलतोय ना? मग बाकीच्यांनी गप्प बसायला हवं.”

मी मानिसालेस शहरात, ग्रंथालयात कामावर होते, समोर पुस्तकं परत करणाऱ्यांची रांग. म्हटलं, “हो बाबा, बरोबर आहे.” पुढचं विचारलं नाही.

फाईलमध्ये सात स्लाईड होत्या. साधी पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं. चौथ्या स्लाईडवर उताराचा फोटो होता आणि त्यावर सहा लाल रेघा एकमेकींत गुंतलेल्या, सहा आकडे एकमेकांवर चढलेले. मला ते बावळटपणाचं वाटलं. पूर्ण पडद्यावर चालवून बघायला हवं होतं. पहिल्या स्लाईडवर त्यांचं नाव होतं, म्हणून चालवलं नाही.

शुक्रवारी नगरसभेची खोली भरली होती. पडदे ओढलेले, दार लावलेलं. रोबलालचे आईबाप मधल्या वाटेतसुद्धा खुर्च्या टाकून बसले होते. त्यांनाही शाळा हलवायला नको होती, कारण मुलं जिथे हलवायची ती खालची जागा पन्नास मिनिटांच्या चालीवर. पहिल्या रांगेत एदिल्मा बसली होती, गेली अठरा वर्षं शाळेत मुलांना जेवण रांधणारी. तिने मला लहानपणापासून पाहिलंय. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, पण ती त्यांच्याच बाजूची होती.

माझी जागा भिंत आणि टेबल यांच्यात, एका फरशीएवढी. डावीकडे सरकले की माझी सावली पडद्यावर, उजवीकडे प्रोजेक्टरची वायर. नगरपालिकेचे संगणक सांभाळणारे विल्मार जवळच स्टुलावर बसले होते, पन्नाशीचे, पोटावर हात बांधून. “चालू करा ताई,” ते म्हणाले.

मी चालू केलं. पडद्यावर बाबांचं नाव आलं. मी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, आणि बोलायला तोंड उघडणार तोच नाव गेलं आणि दुसरी स्लाईड आली. वाटलं, माझाच हात लागला असेल.

दुसरी स्लाईड मी भराभर वाचली. खुंट्या कुठे, टेप कसा लावला. माझं संपलं, पण स्लाईड जागची हलेना. बटण दाबायला हात नेला आणि तेवढ्यात ती आपणहून बदलली. तेव्हा मला भिंतीवरून उतरवलेलं ते घड्याळ आठवलं.

ते टेबलाशी बसून सराव करत होते. घड्याळ लावून, मोठ्याने बोलत, एकेक क्लिक करत. संगणकाने त्यांच्या सगळ्या वेळा लिहून ठेवल्या होत्या आणि आता तो त्या पाळत होता. ते जिथे थांबले तिथे मला थांबावं लागणार होतं. जिथे पुढे गेले तिथे फरफटत जावं लागणार होतं.

“एक मिनिट, लुझ दारी,” आर्नुबिओ म्हणाला. “भेगा-बिगा ठीक आहे. पण वरच्या अंगाची पोरं खाली पोचणार कशी? माझ्या भाचीची पोरगी सहा वर्षांची आहे. पन्नास मिनिटं! तिला काय खेचरावर बसवू?”

प्रश्न खोटा नव्हता. मी उत्तर द्यायला लागले आणि पाहिलं तर माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. माझ्यामागे फोटो आला होता. पहिली लाल रेघ उमटली. मग दुसरी. मी रस्त्याबद्दल बोलत होते आणि सगळ्यांच्या माना पडद्याकडे. मी उलटा बाण दाबला, एक रेघ गेली. पाच सेकंदांत परत आली.

“अगं बाई, थांबव ना ते,” एदिल्मा म्हणाली. “तुझं ऐकू की ते बघू?”

“हिल्दार्दो गेला तरी आपल्याला पळवतोयच,” मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. वाईट हसणं नव्हतं. तसंच, दोन वर्षांपूर्वीसारखं.

चौथ्या रेघेनंतर पडदा थांबला. काहीच येईना. मी वाट पाहत उभी राहिले, फरशीएवढ्या जागेत, पाठ भिंतीला. तीस सेकंद, चाळीस. इथे बाबा थांबले होते. पाणी प्यायले असतील. चष्मा पुसला असेल. छातीवर हात ठेवून बसले असतील. मग पाचवी आणि लगेच सहावी. गुंता पूर्ण झाला आणि कोणालाच काही कळलं नाही.

“झालं?” आर्नुबिओ म्हणाला. “चार मिनिटं उरलीत.”

विल्मार माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, “वेळा साठवलेल्या आहेत त्यात. तुमच्या हाताने चालव म्हणून सांगू का त्याला?”

मी संगणक जरा माझ्याकडे ओढला.

“पुसलं जात नाही हं काही,” ते म्हणाले. “वेळा फाईलमध्ये तशाच राहतात. फक्त वापरायच्या नाहीत.”

“करा,” मी म्हटलं.

त्यांनी शो बंद केला, एक चौकट उघडली, आपोआपच्या जागी हाताने असं निवडलं आणि सरळ चौथ्या स्लाईडवरून परत सुरू केलं. पडद्यावर नुसता फोटो होता. शाळा, तिच्यामागचा उतार, केळी, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. एकही रेघ नाही.

मी थांबले. काहीही हललं नाही. हळूहळू खोलीतली कुजबुज बसली.

“हा उतार तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे,” मी म्हटलं आणि एक क्लिक केलं. रेघ आली. उडत नाही, आवाज नाही. नव्हती आणि मग होती. वर, केळीच्या पलीकडे, हातभर. शेजारी आकडा, चार सेंटिमीटर. “पहिल्या वर्षीचा जानेवारी.”

मी त्यांना बघू दिलं. फोटो तोच होता, जागेवर होता, म्हणून नजरेला शोधत फिरावं लागत नव्हतं. जे नवीन होतं तेवढंच नवीन होतं.

क्लिक. सात. क्लिक. अकरा.

“ते माझं पेरूचं झाड,” मागून एक बाप म्हणाला. “गेल्या... नाही, त्याच्या आदल्या वर्षी आडवं झालं.”

“सगळ्या एकदम टाक, लुझ दारी,” आर्नुबिओ म्हणाला. “वेळ चाललाय.”

“एकदम टाकल्या होत्या, साहेब. आत्ताच. काही दिसलं का तुम्हाला?”

त्याने खुर्ची पडद्याकडे वळवली.

क्लिक. अठरा. इथे मी थांबले. ठरवून नाही. हात बटणावर होता आणि दाबवेना. मग कळलं की याच जागी ते थांबले होते, आणि कदाचित पाणीबिणी काही नव्हतं. चौथी रेघ शाळेच्या कुंपणाला येऊन टेकली होती. पुढची कुठे जाणार हे पाहणाऱ्याने स्वतःच ओळखायचं होतं. त्याला वेळ लागतो.

क्लिक. एकतीस. कुंपणाच्या आत.

“आणि आता माझ्या स्वयंपाकघराखालून,” एदिल्मा म्हणाली. कोणाला उद्देशून नाही.

मी क्लिक केलं. चोपन्न. रेघ स्वयंपाकघराखालून गेली.

कोणी हसलं नाही. एदिल्मा उठून उभी राहिली, मांडीवरची पिशवी खाली पडली. “म्हणून भांडं कलतं,” ती म्हणाली. “सांकोचोचं मोठं भांडं. नाताळापासून रस्सा एका बाजूला जातो. मी चुलीखाली पुठ्ठा घालते, दुमडून. आधी एक घडी होती, आता चार. मला वाटलं चूलच जुनी झाली.” ती आर्नुबिओकडे वळली. “तुझ्या भाचीची पोरगी माझ्या खिडकीपाशी बसून जेवते रे.”

बाबांच्या आणखी तीन स्लाईड होत्या. मी बटण दाबून पडदा काळा केला. सगळे एदिल्माकडे बघत होते, तेच बरं होतं.

मतदान अर्ध्या तासाने झालं. सोमवारपासून वर्ग खाली, चर्चच्या सभागृहात. वरच्या अंगाच्या मुलांसाठी नगरपालिकेची जीप, निदान पावसाळा संपेपर्यंत. पुढचं पुढे. आठ हात वर झाले, आर्नुबिओचा सगळ्यांत शेवटी. नववा झालाच नाही. दार उघडल्यावर तो माझ्यापाशी आला. “हे त्याने त्या वेळी असं दाखवायला हवं होतं,” तो म्हणाला. मी म्हटलं, “हो.” त्या वेळी चारच रेघा होत्या, आणि त्यातली प्रत्येक गिरक्या घेत आली होती, हे त्याला सांगितलं नाही.

दुपारी घरी आले. कोरी कॉफी केली, संगणक टेबलावर ठेवला. ती चौकट शोधून काढायला थोडा वेळ लागला. वेळा वापरा, असं निवडलं आणि सुरू केलं.

त्यांचं नाव आलं. बावीस सेकंद राहिलं. दुसरी स्लाईड मला सकाळी लांबलेली वाटली होती. आता नाही वाटली. खुंट्या, टेप, भेगेचे काठ, ते सावकाश सांगत असणार. फोटो आला. पहिली रेघ. दुसरी. तिसरी.

चौथी आली आणि पडदा थांबला. मी बटणावरून हात काढून घेतला. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. कुंपणापाशी टेकलेली रेघ मी बघत राहिले.