दीड मिलिमीटरची चोच

विभागप्रमुख गजाननरावांचा लेख तयार झाला, तेव्हा सिल्वासातल्या त्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात पेढे आधी आले आणि लेख नंतर. शैलजाबाईंनी पेढा बाजूला ठेवला. त्यांना लेख हवा होता. बढतीच्या फाइलीत एका लेखाची जागा रिकामी होती, महिनाअखेर तोंडावर आलेली, आणि विभागप्रमुखांनी उदारपणे त्यांचं नाव दुसऱ्या क्रमांकावर घातलं होतं.

"गॅलापॅगोस ते गलोंडा!" सर म्हणाले. "लेखावरच्या माझ्या भाषणाला हेच नाव देणार. तुम्ही फक्त आकडेमोड नजरेखालून घाला, मॅडम. फॉर्मॅलिटी."

गलोंडा जवळचंच गाव, पण तिथे सरांनी एकही पक्षी धरला नव्हता. पक्षी रांध्याच्या भातशेतात, परवानगी काढून, जाळ्यात धरून मोजून सोडलेले. पण रांध्यानं अनुप्रास जुळत नव्हता.

लेखाचं म्हणणं सोपं होतं. ठिपकेवाली मनोली आणि पांढऱ्या पाठीची मनोली, दोघी चिमणीहून लहान, दोघी बी खाणाऱ्या, जवळच्या नात्यातल्या. जिथे त्या वेगवेगळ्या राहतात, तिथे दोघींची चोच जवळपास सारखी. रांध्याला दोघी एकत्र, आणि तिथे ठिपकेवालीची चोच दीड मिलिमीटरनं लांब. म्हणजे एकाच दाण्यासाठी भांडण नको म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड होत एकीनं आपली चोच वेगळी करून घेतली. शेजार वाढला की फरक वाढतो, असा हा नियम. नियम खरा आहे. शैलजाबाई तो वर्गात कितीतरी वर्षं शिकवत आल्या होत्या.

पण तक्ता पाहताना त्यांच्या कपाळावर आठी पडली. चोचीची लांबी उडी मारत होती. चोचीची जाडी मात्र जिथल्या तिथे. पंख तसेच, पायाचं हाडही तसंच. दाणा फोडायला लागते ती जाडी. भांडण दाण्याचं आणि बदल फक्त लांबीत? शेजारणीशी भांडून बाईनं पदर तेवढा लांब करावा, असलं काहीतरी.

"सर, ही मापं कोणी घेतली?"

"बाकीची रोहिणीनं. रांध्याच्या ठिपकेवाल्या मात्र मी स्वतः. अनुभवी हात लागतो हो!"

विभागाच्या फेसबुक पानावर सरांचे फोटो होते: हातात मनोली, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर विश्वविजय. पांढऱ्या पाठीच्या धरायला मात्र चिखलात रोहिणी. ती धुळ्याची मुलगी, सरांचीच संशोधक विद्यार्थिनी.

शैलजाबाईंनी रोहिणीलाही बोलावून घेतलं, कपाटातली एक जुनी, पेंढा भरलेली ठिपकेवाली काढली आणि बारीक मापाचा व्हर्नियर पुढे केला. "सर, हिची चोच मोजाल? मला रीत शिकायचीय."

सर खुलले. जिथे पिसं संपतात, तिथे त्यांनी व्हर्नियरचा एक जबडा टेकवला, दुसरा टोकाला. "दहा पॉइंट नऊ. बघा, सफाई!"

"रोहिणी, आता तू."

रोहिणीनं जबडा नाकपुडीवर टेकवला. "नऊ पॉइंट चार. मॅडम, मी तं पहिल्यापासून इथूनच मोजते. सरांनीच पुस्तकात दाखवलं होतं."

दहा पॉइंट नऊ वजा नऊ पॉइंट चार. दीड. रांध्याच्या मनोलीची उत्क्रांती टेबलावर, पेढ्यांच्या बॉक्सशेजारी, दोन माणसांच्या हातांमधून घडली होती.

"अनुभवाचा फरक असतो," सर म्हणाले.

"पिसांपासून नाकपुडीपर्यंतचा आहे," शैलजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता, म्हणून तो जास्तच लागला.

"अहो, जर्नलवाला रांध्याला येणार आहे का? आणि तुमची बढती?"

"लेख खुशाल पाठवा, सर. फक्त पद्धतीच्या भागात एक वाक्य घाला: कोणत्या जागेची मापं कोणी, चोचीच्या कुठून घेतली."

सर हसले, मग हसायचे थांबले. ते वाक्य घातलं की लेखात काही उरत नव्हतं, हे एवढं त्यांनाही कळत होतं. "मग तुमचं नाव काढतो," ते गुरकावले.

"काढाच."

रोहिणी पेढ्याकडे बघत म्हणाली, "माझंही काढा, सर."

सरांनी लॅपटॉप मिटला. आता लेखावर एकटं त्यांचंच नाव उरलं होतं, आणि ती लांब चोचीची मापंही त्यांचीच होती. मापं कोणी घेतली, असं कुणी विचारलं तर दाखवायला दुसरा हात उरला नव्हता. लेख गेला नाही. त्यांनी भाषण मात्र केलं, आणि टाळ्याही घेतल्या.

शैलजाबाई प्राचार्यांकडे जाऊन म्हणाल्या, "यंदा माझा लेख नाही." प्राचार्य म्हणाले, "अरेरे, एवढ्याशा चोचीपायी?"

"एवढीशीच तर होती, सर," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या चोची एकाच रीतीनं पुन्हा मोजायच्या म्हणून रोहिणीला घेऊन रांध्याच्या जाळ्यांची नवी परवानगी मागायला निघाल्या.