पत्रातला पाचवा मुद्दा

नानांची सगळी नोकरी टपालाच्या टेबलावर गेली होती. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं. त्यामुळे कागदावर नसलेल्या गोष्टीवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. मेव्हणा त्यांना तोंडावर ‘आवक-जावक’ म्हणायचा. महागातला टीव्ही घ्यायचा ठरला, तेव्हा दुसऱ्या कुणीही दुकानात जाऊन बघितलं असतं. नानांनी दुकानमालकाला पत्र लिहिलं. विषय, संदर्भ आणि खाली सात मुद्दे.

खोकं कंपनीचा माणूस आल्यावरच उघडणार ना? पडदा तडकलेला निघाला तर बदलून कोण देणार? भिंतीवर टांगायची चौकट सोबत मिळते की वेगळी घ्यायची? हमी बिलाच्या तारखेपासून, की बसवल्यापासून? असे सहा मुद्दे कुणीही विचारले असते.

खरं पत्र पाचव्या मुद्द्यासाठी होतं. ‘माझ्या पत्नीस कमी ऐकू येते. तिच्या श्रवणयंत्रात आणि टीव्हीच्या स्पीकरमध्ये आवाज एकाच वेळी येतो, हे खरेदीपूर्वी तिच्याच यंत्रावर दाखवावे.’

हे लिहिताना नानांचा हात दोनदा थांबला होता. श्रवणयंत्र दीड वर्षं कपाटाच्या खणात पडून होतं, टीव्हीला जोडली की आवाज थेट यंत्रात पाठवणारी त्याची छोटी डबीसुद्धा सील न फोडता. बायको म्हणायची, मला नीट ऐकू येतं, लोकच पुटपुटतात. टीव्ही लागला की ती काहीतरी निमित्त काढून आतल्या खोलीत जाऊन बसे. नाना बाहेर एकटेच बातम्या बघत, आणि त्यांना त्या एकटेपणाचा मनापासून वीट आला होता. पण ‘तुला ऐकू येत नाही’ हे तोंडावर म्हणायची त्यांची छाती नव्हती. आता तेच त्यांनी एका परक्या माणसाला लेखी कळवलं होतं, आणि तेही तिला न सांगता.

उत्तर चार दिवसांनी आलं. नाना तेव्हा दाढी करायला गेले होते. परत आले तर लिफाफा टेबलावर फोडून ठेवलेला. वरच्याच ओळीत लिहिलं होतं, ‘पाचव्या मुद्द्याबाबत: पत्नीस यंत्र व डबीसह घेऊन यावे.’

बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. नाना दारात घुटमळले.

“यंत्र चार्जिंगला लावलंय,” ती न वळता म्हणाली. “किती वाजता जायचं?”

दुकानात मालक स्वतः उठून पुढे आला. हातात नानांचं पत्र, मुद्द्यांवर पेन्सिलीच्या खुणा. विक्रेत्याने नानांच्या मनात भरलेल्या मोठ्या टीव्हीला डबी जोडली, डबीशी जुळावं म्हणून बायकोने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तिने मान हलवली, ऐकू येतंय. पण त्याच क्षणी टीव्हीचा स्पीकर मुका झाला. विक्रेता म्हणाला, होईल, बसवायला येणारा माणूस सेटिंगमध्ये करून देईल. नाना घाबरले. म्हणजे आता तिला ऐकू यायचं आणि आपण नुसतं बघत बसायचं.

“नाही होणार,” मालक म्हणाला. “यात दोन्ही आवाज एकदम निघायची सोयच नाही. उगाच कशाला गळ्यात मारायचा?” त्याने डबी काढून शेजारच्या, आकाराने जरा लहान टीव्हीला लावली आणि आवाजाच्या यादीतून ‘दोन्ही’ निवडलं.

पडद्यावर एक बाई कुणाला तरी पत्ता समजावून सांगत होती. नानांना ऐकू येत होतं. त्यांनी भीत भीत रिमोटने स्पीकर बारीक केला आणि बायकोकडे बघितलं. तिच्या कानातला आवाज तेवढाच राहिला होता. “डावीकडे वळा म्हणतेय,” ती म्हणाली, “आणि हात उजवीकडे दाखवतेय.” नानांचा जीव भांड्यात पडला. ते दुकानात मांडलेल्या सोफ्यावर बसलेच.

मग मालकाने अटी समजावल्या. खोकं बसवणाऱ्या माणसासमोरच फोडायचं, पडदा तडकलेला निघाला तर दुकान बदलून देणार. चौकट वेगळी घ्यायची, पण बसवणं टीव्हीच्या किमतीतच. हमी बिलाच्या तारखेपासून, म्हणून बिल टीव्ही पोचवतील त्याच दिवशी. घरी डबी चालली नाही, तर आठवड्यात परत घेणार. ‘रिमोटचं साहेबांना घरी नीट शिकवतील’ म्हणत त्याने सगळं लेटरहेडवर उतरवलं आणि सही करून कागद नानांपुढे सरकवला. बोलताना त्याने एकदाही बायकोकडे बघितलं नव्हतं.

तिने कागद स्वतःकडे ओढला, नानांच्या खिशातलं पेन काढलं आणि सहीच्या वर एक ओळ घातली. नानांनी चष्मा सावरून वाचलं.

‘रिमोटचे प्रात्यक्षिक मला द्यावे. मला ऐकू येते.’

मालकाने तिच्याकडे बघितलं, “बरं ताई,” म्हणाला, आणि त्या ओळीखाली पुन्हा सही केली.