सहीची चिठ्ठी

आठ महिने मी खोक्यांना चिकटपट्टी लावत होते आणि त्या माणसाला शिव्या घालत होते. तो म्हणजे आमचा डिझाइनवाला साहेब. कुठला रेझिस्टर लावायचा ते तो चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि हिशेबात त्याची नेहमी एकच चूक व्हायची. मी ती गुपचूप दुरुस्त करून सर्किट बोर्ड जोडायचे. एकदा आई दवाखान्यात होती म्हणून चार दिवस रजेवर गेले, बाकीच्यांनी चिठ्ठीत होतं तेच लावलं आणि वजनकाट्यांचे दोनशे बोर्ड दुप्पट आकडा दाखवू लागले. साहेबाने आपली चिठ्ठी फाडली आणि मालकांना सांगितलं, "तो आकडा हिनेच लिहून ठेवला होता." माझं टेबल गेलं, पॅकिंग नशिबी आलं.

आज गिऱ्हाइकाकडून तपासनीस बाई आल्या. बोर्ड समोरच जोडून दाखवायचा होता आणि माझ्याइतका स्थिर हात कुणाचा नाही, म्हणून मालकांनी मलाच बोलावलं.

"गेन एक्कावन्न हवा," बाई म्हणाल्या. म्हणजे आत आलेला सिग्नल एक्कावन्न पट होऊन बाहेर पडायला हवा.

साहेब तोऱ्यात म्हणाला, "सोपं आहे. पुढे सिग्नल वाढवणारे दोन ऑप-अँप, मागे फरक काढणारा तिसरा, त्याचा गेन एक. पुढच्या दोघांमधला हा एकच रेझिस्टर बदलायचा." त्याने चिठ्ठीवर लिहिलं: पाचशे ओहम.

मी चिठ्ठी पुढे सरकवली. "सही करा की, साहेब."

त्याने झोकात सही केली. मी पाचशेच लावला, अगदी मन लावून. इतकं सुंदर सोल्डरिंग मी जन्मात केलं नसेल.

बाईंनी दहा मिलिव्होल्टचा फरक दिला. पाचशे दहा मिलिव्होल्ट यायला हवे होते. मीटरवर एक हजार दहा आले. गेन एकशे एक!

"हिने चुकीचा लावला!" साहेब माझ्यावर खेकसला.

मी रेझिस्टर काढून मीटरला लावला. पाचशे. शेजारी चिठ्ठी ठेवली.

"मग चुकलं कुठे?" मालकांनी मला विचारलं.

"पुढच्या दोन्ही ऑप-अँपना पंचवीस हजारांचा एकेक रेझिस्टर आहे. मधल्यातून जाणारा करंट त्या दोघांतूनही जातो, म्हणून दोन्ही धरायचे, पन्नास हजार. त्याला मधल्याने भागायचं आणि एक मिळवायचा. साहेब एकच धरतात. एक्कावन्नला एक हजार ओहम लागतो."

हजार लावला. मीटरवर पाचशे दहा. बाईंनी मान डोलावली.

मालक चिठ्ठीवरची सही बघत राहिले. "ते दोनशे बोर्ड... त्यातही हेच झालं होतं?"

साहेब चिठ्ठी उचलायला गेला, पण मालकांनी ती आपल्या खिशात घातली. मला इतका आनंद झाला की लाजही वाटली नाही.

संध्याकाळी तो माझ्या जुन्या, आता परत मिळालेल्या टेबलापाशी आला. मी खुर्ची पुसत होते. हळूच म्हणाला, "तुला माहीत होतं. आधी तर नेहमी सांभाळून घ्यायचीस."

"हो, घ्यायचे," मी म्हटलं आणि चिकटपट्टीचं रीळ त्याच्या हातात ठेवलं.