पाहुण्यांचे तंबू

श्रावणात पूर्व नेपाळातल्या टोपके गोलाच्या डोंगरवाटेला वेडे जातात किंवा वनस्पतींचे अभ्यासक. आम्ही दुसऱ्यांना घेऊन चाललो होतो. चार पाहुणे, नऊ हमाल, स्वयंपाकाला मी, आणि म्होरकी हरकमाया.

हमालांची म्होरकी बाई, हे ताप्लेजुंगात कुणी ऐकलंही नव्हतं. काठमांडूच्या सफर-कंपनीच्या मालकाने या एका सफरीपुरतं नेमताना तिला बजावलं होतं, "पाहुण्यांची एक तक्रार आली तर परत भांडी घासायला." मला दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत भांडी तिने माझ्याच हाताखाली आठ वर्षं घासली होती, त्यामुळे त्या धमकीची चव तिला ठाऊक होती.

मालकाने पाहुण्यांसाठी सिलिकॉन नायलॉनचे दोन नवे तंबू पाठवले होते. मुठीत मावतील इतके हलके, आणि ओढून फाटता फाटेनात. हमालांना मात्र जुनाच, कोटिंगवाल्या पॉलिस्टरचा मोठा तंबू. जड धूड! पण त्याच्या शिवणी कारखान्यातूनच आतून टेप लावून आलेल्या. गेल्या साली त्याच्या फायबरच्या काठ्या वाऱ्यात उभ्या चिरल्या, तेव्हा भांडी घासत असूनही हरकमायानेच मालकाशी भांडून अ‍ॅल्युमिनियमच्या आणवल्या होत्या. "माझी माणसं काय कोंबड्या आहेत, टोपलीखाली झाकायला?" असं बोलली होती. तेव्हा ती 'माझी माणसं' म्हणायची.

नव्या तंबूंना टेप नव्हती. सिलिकॉनवर टेप धरतच नाही. हरकमायाने निघण्याआधी अंगणात बसून एकेक शिवण पाणी अडवणाऱ्या लेपाच्या ट्यूबने भरली. टेप सुटली की पॉलिस्टरला आम्ही वर्षानुवर्षं लावत आलो तीच ट्यूब. वाळली, चकचकीत दिसली. आम्हा सगळ्यांनाच ते ठीक वाटलं.

तिसऱ्या मुक्कामाला दुपारपासून पाऊस कोसळला. नायलॉन भिजलं की सैल पडतं, म्हणून हरकमाया दर थोड्या वेळाने दोऱ्या ताणत फिरत होती. तिन्हीसांजेला पाहुण्यांतल्या बाई ओरडल्या. आम्ही धावलो. शिवणीवरचा थर दुधाच्या सायीसारखा सुटून लोंबत होता आणि पाणी थेट बिछान्यावर पडत होतं. सिलिकॉनला सिलिकॉनचाच लेप लागतो, दुसरं काही त्याला चिकटत नाही, हे तेव्हा कळलं. तो लेप आमच्याकडे नव्हता. असता तरी ओल्या कापडावर काय उपयोग?

हमालांचा तंबू मात्र ताठ उभा होता. वाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमची एक काठी वाकली होती, मोडली नव्हती. आत कोरडं ठणठणीत, आणि धनहांगकाका नाचणीच्या पिठाचा ढिंडो खात बसले होते. काका म्हणजे हरकमायाचा सख्खा चुलता. बापामागे तिला वाढवलं ते त्यांनीच.

मी म्हटलं, "बहिणी, सगळ्यांना यातच घे. तेरा माणसं दाटीवाटीने बसतील. पाहुण्यांना काय काटे टोचतात?"

"हमालांच्या मांडीला मांडी लावून? दाजू, ते खाली जाऊन मालकाला काय सांगतील?"

"मग माझ्या स्वयंपाकाच्या तंबूत घे हमालांना."

"तिथे सामान आहे. तांदूळ भिजला तर तेही माझ्याच डोक्यावर."

"आणि माणसं भिजली तर?"

ती हमालांच्या तंबूच्या दाराशी गेली. आत वाकली आणि म्हणाली, "काका, उठा. एका रात्रीचा प्रश्न आहे. पाहुणे इथे झोपतील, तुम्ही सगळे त्या नव्या तंबूंत जा."

काकांनी ताटली खाली ठेवली. "गळके झाले म्हणून आमचे झाले होय?" एवढंच बोलले आणि निघाले. दोघांच्या तंबूत पाच नि चार माणसं कोंबली गेली. मला इतका संताप आला, की पाहुण्यांच्या सुपात मीठ दुप्पट पडलं.

सकाळी पाहुणे ताजेतवाने उठले. हरकमायाचं कौतुक किती! काका कुडकुडत, खोकत बाहेर आले आणि कपाळाला पट्टा लावून ओझं उचललं. उतरेपर्यंत त्यांचा खोकला थांबला नाही आणि पुतणीशी ते एक शब्द बोलले नाहीत. तिने दिलेला चहा ते शेजारच्याला देत आणि झऱ्याचं पाणी पीत.

उतरून सुकेटारच्या विमानतळाला पोचलो, तेव्हा मालकाचा फोन आला. हरकमाया कायमची म्होरकी झाली. ती रडत हसत आमच्याकडे आली. "पाऊस सरला की असोजात, आश्विनात, मोठी सफर आहे. सिलिकॉनचा लेप आणणार, तुम्हालाही नवा तंबू मागणार. कोण कोण येणार? काका, तुमचं नाव पहिलं!"

कुणी हललं नाही. काका पट्टा गुंडाळत होते.

"पाहुण्यांचा तंबू गळला नाही, तर येऊ," ते म्हणाले. "गळला, तर आमचा कुठला ते आम्हाला कळलंय."

एकेक जण पाठ फिरवून आपापल्या वाटेला लागला. ती हाका मारत राहिली, प्रत्येकाला नाव घेऊन, मामा, काका, भाऊ म्हणून. असोजात तिने दुसऱ्या खोऱ्यातली माणसं आणली. पोटासाठी ओझं उचलणारे कुठेही मिळतात. त्यांतलं तिला काका म्हणता येईल असं कुणी नव्हतं.