पुन्हा विचारलेला प्रश्न

वल्लरीनं हेडफोन काढून टेबलावर आदळले. रागानं. असा राग तिला फारसा येत नसे. गिरगावातल्या त्यांच्या घरात मोठ्यानं बोलणंसुद्धा वाईट समजलं जायचं.

ती पीएच.डी. करत होती. विषय असा की नातेवाईक अजून हसायचे: माणसं बोलताना आपापली पाळी कशी घेतात, प्रश्नाला उत्तराची जोड कशी लागते, बोलण्यात घोटाळा झाला की तो कसा निस्तरतात. "त्यात शिकायचं काय?" असं मामा विचारायचा, आणि तिनं तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळा व्हायचा. दादरच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या होत. आईवडिलांची परवानगी घेऊन त्या ती रेकॉर्ड करी आणि शब्द न् शब्द, थांबा न् थांबा उतरवून काढी. मध्ये पडायचं नाही, अशी तिच्या मार्गदर्शकांची ताकीद होती.

आज उतरवली ती अपेक्षाची चाचणी. अपेक्षा सात वर्षांची, लालबागची, वर्गात गप्प बसणारी. शाळेनं घरी कळवलं होतं: केंद्राचा रिपोर्ट आणा, तो कमी आला तर मुलीला विशेष शाळेत घाला. रिपोर्ट कमीच आला होता. 'आकलन मर्यादित. उत्तरांत सातत्य नाही.' खाली केंद्राचे समुपदेशक विक्रांत सर यांची सही. आई मेघना तो न्यायला आज दुपारी येणार होती.

रेकॉर्डिंगमध्ये काय होतं? विक्रांत सर विचारतात, पाच पेरू होते, दोन मैत्रिणीला दिले, किती उरले? अपेक्षा लगेच म्हणते, तीन. मग शांतता. पेनाची खरखर. मग सर पुन्हा, त्याच सुरात: किती उरले? आता अपेक्षा थांबते आणि हळूच म्हणते, "दोन?"

रविवारनंतर कोणता वार? सोमवार. खरखर. रविवारनंतर? "शनिवार."

वल्लरीनं सगळी चाचणी दोनदा ऐकली. जिथं सरांनी एकदाच विचारलं, तिथं पोरीचं प्रत्येक उत्तर बरोबर. जिथं पुन्हा विचारलं, तिथंच ते बदललेलं. आणि उत्तरपत्रिकेवर गुण धरले होते ते दुसऱ्या उत्तराला.

मेघना केंद्रात आली ती कामावरून तशीच. लेकीला शेजारणीकडे ठेवून आली होती. मार्गदर्शकांची ताकीद बाजूला ठेवून वल्लरीनं तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, रेकॉर्डिंगबद्दल बोलायला तिची परवानगी विचारली आणि आपण काय ऐकलं ते सांगितलं. ऐकून झाल्यावर मेघना म्हणाली, "म्हणजे माझी पोर बरोबर बोलली होती?"

"पहिल्यांदा, हो."

"मग चला आत."

विक्रांत सर सज्जन गृहस्थ होते, हे मुद्दाम सांगायला हवं. मुलांवर कधी ओरडले नसतील. त्यांनी दोघींना बसवलं, पाणी विचारलं आणि सगळं ऐकून शांतपणे चाचणीची मार्गदर्शिका उघडली. तिच्यात लिहिलंच होतं: उत्तराची खात्री करून घ्यावी, आणि उत्तर बरोबर की चूक याचा कोणताही इशारा देऊ नये. मी चेहराही हलवत नाही, असं ते थोड्या अभिमानानं म्हणाले.

"सर, तोच तर इशारा झाला," वल्लरी म्हणाली.

मग तिनं समजावलं. आपण कुणाला काही विचारलं आणि त्यानं सांगितलं, की आपण 'बरं', 'अच्छा', निदान 'हं' तरी म्हणतो. त्यावरून त्याला कळतं की उत्तर पोचलं. ते न म्हणता तोच प्रश्न पुन्हा टाकला, तर ऐकणाऱ्याला एकच अर्थ लागतो: माझ्या उत्तरात काहीतरी बिघडलंय, दुरुस्त करायला हवं. अपेक्षानं तेच केलं. बोलण्याची रीत तिला नीट येते म्हणून केलं.

"पण ज्याला येतं ते मूल ठाम राहतं," सर म्हणाले.

वल्लरीनं पेन हातात घेतलं. मग तिनं सहज विचारलं, "सर, तुमचं गाव कुठलं?"

"राजापूर."

तिनं मान खाली घातली आणि कागदावर काहीतरी खरडलं. वर न बघता म्हणाली, "तुमचं गाव कुठलं?"

"राजापूर... म्हणजे तालुका राजापूर. गाव तसं नाटे."

मेघना फसकन हसली. "सर, ठाम नाय राहिलात."

सरांचे कान लाल झाले. पण माघार घेतील तर ते सर कसले. त्यांनी दुसरी बाजू काढली. मुलीची भाषाही डळमळीत आहे, मधेच शब्द फिरवते. 'बस हिरवी, नाय नाय, लाल' असं म्हणाली होती, ते त्यांनी 'गोंधळ' म्हणून नोंदलं होतं. एकदा नुसतं 'आँ?' केलं, ते 'लक्ष नाही' म्हणून.

आता मात्र वल्लरीचा आवाज चढला. बोलता बोलता चूक लक्षात येऊन ती आपणच सुधारणं याला गोंधळ म्हणायचं, तर या खोलीत शहाणं कोणीच नाही. त्याच रेकॉर्डिंगमध्ये सरांनी स्वतः अपेक्षाला आधी 'अनुजा' अशी हाक मारून मग नाव सुधारलं होतं. त्याची नोंद कुणी केली? आणि 'आँ?' म्हणजे लक्ष नाही? लक्ष नसलेलं मूल गप्प बसतं. 'आँ' म्हणणारं मूल सांगत असतं की तुमचा प्रश्न होता, उत्तराची पाळी माझी आहे हे मला कळतं, पण नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. "तिनं विचारलं तेव्हा तुम्ही प्रश्न पुन्हा सांगितला नाहीत, पुढचा घेतलात. आणि तिनं बरोबर उत्तर दिलं, तेव्हा पुन्हा विचारलात."

सर चष्मा पुसू लागले. मुद्दा विचार करण्यासारखा आहे, वरिष्ठांच्या कानावर घालू, असं म्हणाले. हीच चाचणी लगेच पुन्हा घेता येत नाही, प्रश्न मुलांच्या लक्षात राहतात. तोवर रिपोर्टखाली एक टीप जोडता येईल.

"टीप शाळेत कोण वाचतंय?" मेघना म्हणाली. "ते फक्त खालचं वाक्य वाचतील आणि माझ्या पोरीचं दप्तर हातात देतील. मला एकच सांगा सर. हा रिपोर्ट तुम्ही मागं घेणार काय?"

सर काही बोलले नाहीत.

ही शांतता कसली आहे ते वल्लरीला ठाऊक होतं. 'हो' म्हणायचं असतं तेव्हा माणूस वेळ लावत नाही. शांतता लांबली, तर ती बहुतेक वेळा 'नाही'ची चाहूल. आणि ती चाहूल लागली की विचारणाराच घाबरून आपलं मागणं मऊ करतो: आज नाही तर उद्या, पूर्ण नाही तर थोडं. मग समोरच्याला 'नाही' म्हणण्याचे कष्टसुद्धा पडत नाहीत. मेघनाचे ओठ हललेच. "म्हणजे सर, आजच नसेल जमत तर..."

वल्लरीनं तिच्या मनगटावर हात ठेवला. मेघनानं तिच्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

आता खोलीत कोणीच बोलेना. बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. सरांनी चष्मा चढवला, उतरवला. एकदा वल्लरीकडे पाहिलं, ती काहीतरी बोलेल या आशेनं. ती बोलली नाही. प्रश्न त्यांना विचारला होता, पाळी त्यांची होती. एका सात वर्षांच्या पोरीला पाळी अंगावर घेऊन असंच बसावं लागलं होतं आणि तिच्या मदतीला कोणी आलं नव्हतं.

"घेतो," शेवटी सर म्हणाले. त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. "मागे घेतो. नवी चाचणी होईपर्यंत शाळेनं काही ठरवू नये, असं लिहून देतो."

"बरं," मेघना म्हणाली. "आता लिहा. मी बसते."

ते लिहू लागले. वल्लरीचा राग मात्र खाली बसेना. इतकी वर्षं याच खोलीत, याच मार्गदर्शिकेनं सज्जनपणे तपासलेली पोरं तिच्या डोळ्यांपुढून जात होती. बरोबर बोललेली आणि मग उत्तर बदललेली.

"सर, आणि आधीची मुलं?"

सरांचं पेन थांबलं. ते खालीच बघत राहिले. वल्लरीनं खुर्ची पुढं ओढली आणि ती उत्तराची वाट बघत बसली.