उशिरा हलणारे ओठ

दुरुस्तीवाल्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. फुटलेल्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या, पाण्यात पडलेले फोन. लोक सकाळी रडत यायचे आणि संध्याकाळी हसत जायचे. त्याच्या हाताला यश होतं, हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं. घरात मात्र बायकोनं काही सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "बघतो."

बायको डबिंग करायची. परदेशी मालिकांतल्या बायकांना आपला आवाज द्यायची. लांबच्या स्टुडिओत जाण्यायेण्यात जीव जायचा, म्हणून घरातच अंथरुणं ठेवायच्या छोट्या खोलीत तिनं चारही बाजूंनी रजया टांगल्या, मधे माइक उभा केला आणि तिथे रेकॉर्डिंग सुरू केलं. अडचण एकच होती. लॅपटॉप आत घेतला की त्याच्या पंख्याची घरघर माइकमध्ये यायची. बाहेर ठेवला तर चित्र दिसायचं नाही, आणि पात्राचे ओठ दिसल्याशिवाय ही बोलणार कशी?

"अहो, आत नुसता पडदा हवाय मला, आवाज न करणारा. तुमच्याकडे एखादा जुना टॅब पडला असेल ना?"

"बघतो."

असं दोनतीनदा झालं. मग एका संध्याकाळी तो घरी आला तर बायको दारातच उभी, चेहरा नुसता फुललेला. "या, गंमत दाखवते!"

रजयांच्या खोलीत स्टँडवर एक टॅब उभा होता. लॅपटॉप बाहेर टेबलावर, दार बंद, आणि तरी लॅपटॉपवरची मालिका आत टॅबवर चालू. ना वायर ना काही.

"स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टनं स्वतःचा जुना टॅब आणून लावून दिला. दोन्हीकडे एक ॲप टाकलं, दोन्ही घरच्या वायफायवर घेतले, झालं! आता टॅब म्हणजे माझ्या लॅपटॉपचा दुसरा पडदा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बाहेरच्या स्क्रीनवर, चित्र आत. अर्ध्या तासात करून गेला बिचारा, चहासुद्धा घेतला नाही."

"हं," दुरुस्तीवाला म्हणाला. "छान आहे."

जेवताना त्याचं ताटात लक्ष नव्हतं. तो रेकॉर्डिस्ट जाड भिंगाचा चष्मा लावायचा, म्हणून यानं मनातल्या मनात त्याचं नाव ढापण्या ठेवून टाकलं. ढापण्या बायकोला ताई म्हणायचा, वयानं लहान होता, त्याबद्दल याच्या मनात काही वेडंवाकडं नव्हतं. ते असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. सलत होतं ते वेगळंच. गावाचे फोन आपण दुरुस्त करायचे आणि आपल्या घरात येऊन दुसऱ्यानं पडदा लावून जायचा! आणि ती कशी फुलली होती! आपण काही नीट करून दिल्यावर शेवटचं कधी अशी दारात उभी राहिली होती?

त्यानंतर रोज काहीतरी ढापण्याचं निघायचंच. "तो म्हणाला, टॅबचा उजेड कमी ठेवा, डोळे दुखणार नाहीत." "त्यानं सांगितलंय, रेकॉर्डिंगच्या वेळी टॅबची नोटिफिकेशन्स बंद ठेवायची." ज्या गोष्टी हा दिवसातून दहा गिऱ्हाइकांना फुकट सांगायचा, त्या बायकोच्या तोंडून दुसऱ्याच्या नावानं ऐकताना त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि मग स्टुडिओतून तक्रार आली.

आवाज मागे पडतोय. पात्र तोंड उघडतं आणि शब्द नंतर येतो. सगळीकडे सारखाच उशीर असता तर सगळा आवाज एकदम पुढे सरकवून भागलं असतं, पण कुठे जरासा उशीर, कुठे बराच. पुन्हा करा.

बायकोनं आत जाऊन आपलंच काम टॅबवर लावून पाहिलं. ओठ न् शब्द नीट जुळत होते. तिनं पुन्हा रेकॉर्ड केलं, पुन्हा तपासलं, पुन्हा जुळलं. पाठवलं. पुन्हा तीच तक्रार.

"मला इथे बरोबर दिसतं आणि त्यांना तिथे चूक कशी दिसते?" ती डोकं धरून बसली.

दुरुस्तीवाल्यानं काही न बोलता चहा संपवला. त्याला अंदाज आला होता. रविवारी दुपारी ती बाजारात गेल्यावर त्यानं लॅपटॉप आणि टॅब शेजारी शेजारी ठेवले, दोन्हीवर एकच चित्र दिसेल अशी सेटिंग केली, लॅपटॉपवर स्टॉपवॉच चालू केलं आणि फोननं दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो काढला. फोटोत लॅपटॉप पुढे होता, टॅब मागे. जवळजवळ पाव सेकंद. पुन्हा काढला, फरक आणखी वाढलेला. वायफायवरून चित्र पोचायला वेळ लागत होता, आणि वायफायवर गर्दी होईल तसा तो वेळ कमीजास्त होत होता.

म्हणजे बायको टॅबवरचे ओठ बघून अगदी वेळेवर बोलत होती, पण ते ओठच उशिरा हलत होते. मूळ आवाज ती एकदा ऐकून बंद करायची, कारण तो कानात राहिला की आपला सूर त्याच्यामागे जातो असं तिचं म्हणणं. त्यामुळे कानाला काही खटकलं नाही. आणि तपासतानाही चित्र टॅबवरच, जवळजवळ तितकंच उशिरा. दोन उशीर एकमेकांना झाकून टाकत होते.

त्यानं सगळं होतं तसं जागेवर ठेवलं. आणि त्याला बरं वाटलं! खोटं कशाला बोला, मनातून अगदी गार वाटलं. आता बायकोला कळेल. आता ती म्हणेल, कसला टॅब लावून गेला मेला, तुम्हीच बघा आता. तो त्या वाक्याची वाट बघत राहिला.

ते वाक्य आलंच नाही. बायकोनं टॅबला दोष दिला नाही आणि ढापण्यालाही नाही. तिनं स्वतःला दिला.

"माझं टायमिंग गेलं वाटतं," बुधवारी भाजी निवडताना ती म्हणाली. "पूर्वी एका दमात वाक्य बसायचं. आता वय झालं."

"वय कसलं," तो म्हणाला. पुढचं वाक्य जिभेवर होतं. पण तेवढ्यात ती म्हणाली, "तो उद्या येतोय, रेकॉर्डिस्ट. म्हणाला, ताई, काळजी करू नका, मी बसतो शेजारी, बघू काय होतंय ते." आणि जिभेवरचं वाक्य त्यानं परत गिळलं.

गुरुवारी दुकान अर्ध्या दिवसात बंद करून तो घरी थांबला. ढापण्या आला, बूट काढून भिंतीशी नीट लावले, "नमस्कार दाजी" म्हणाला. याला तेही आवडलं नाही.

बायको आत गेली. मालिकेतली आई दूर निघालेल्या मुलीला हाक मारते, तो प्रसंग होता. तिनं हाक दिली, दोन वाक्यं बोलली आणि बाहेर आली. ढापण्यानं चित्राची खिडकी माउसनं ओढून लॅपटॉपच्या पडद्यावर आणली आणि तेच वाजवलं. आईनं तोंड उघडलं, मिटत आणलं, तेव्हा कुठे हाक आली.

"दिसलं?" बायको रडवेली झाली. "गेलंय माझं."

"थांबा ताई." ढापण्यानं खिडकी परत टॅबवर नेली, आत डोकावून पाहिलं. तिथे बरोबर. पुन्हा बाहेर आणली. बाहेर चूक. तो चष्मा काढून भिंगं पुसायला लागला. "इथे एक... तिथे एक... म्हणजे..."

आता याला कळणार! दुरुस्तीवाला पुढे सरकला. आणखी दोन मिनिटांत हा सांगेल, आणि बायको पुन्हा तशीच फुलेल.

"वायफायनं चित्र उशिरा पोचतंय टॅबवर," तो एकदम बोलला. "तिचं काही चुकत नाहीये. ती वेळेवरच बोलते, ओठ मागे राहतात. मोजलंय मी. पाव सेकंद, कधी त्याहून जास्त."

ढापण्यानं कपाळावर हात मारला. "अरे देवा! ताई, चूक माझी. नुसता संवादांचा कागद वाचायला ठीक होतं हो, ओठ बघायला वायरलेस द्यायलाच नको होतं. एवढं साधं माझ्या ध्यानात कसं आलं नाही! सॉरी, ताई. मी स्टुडिओतल्या सरांना आजच सांगतो, तुमचा काही दोष नाही म्हणून."

इतक्या सरळपणे त्यानं चूक पदरात घेतली की दुरुस्तीवाल्याला त्याचाही हेवा वाटला.

बायको मात्र नवऱ्याकडे बघत होती.

"मोजलंत कधी?"

"रविवारी."

ढापण्यानं नजर खाली घातली आणि चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"काल मी वय झालं म्हणाले," ती हळूच म्हणाली, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

तो उठला. चार्जरची लांब वायर आणून दाराखालून आत सरकवली. टॅब चार्ज व्हायला लागला, पण लॅपटॉपला तो दिसेचना. ही फक्त चार्जिंगची, हिच्यात डेटाच्या तारा नसतात, हे गिऱ्हाइकांना रोज सांगणारा माणूस, आज त्यालाच सुचलं नव्हतं. तो मुकाट्यानं दुकानात गेला, कुलूप उघडलं, डेटाची लांब केबल घेऊन आला. टॅबनं परवानगी मागितली, ती दिली. ॲपमध्ये वायफायऐवजी केबल निवडली. ढापण्यानं त्याला एकदाही अडवलं नाही, उलट वायर पायात येऊ नये म्हणून कडेला चिकटपट्टी लावून दिली.

पुन्हा स्टॉपवॉच लावून फोटो काढला. फरक अगदी नावापुरता उरला होता, आणि दर वेळी तेवढाच.

बायकोनं हाक पुन्हा दिली. लॅपटॉपवर वाजवली. आईचे ओठ उघडले आणि त्याच क्षणी हाक आली.

"बसलं!" ढापण्या ओरडला. बायको हसली. पण त्याच्याकडे बघून. नवऱ्याकडे तिनं बघितलंच नाही.

स्टुडिओला नवं रेकॉर्डिंग पसंत पडलं, भूमिका तिच्याकडेच राहिली. घरात अबोला आला. "जेवायला वाढलंय", "दूधवाला आला", एवढंच. चौथ्या दिवशी तो तिच्यासमोर खाली बसला.

"चुकलं माझं. मला राग तुझा नव्हता. त्यानं लावून दिलं, मी दिलं नाही, त्याचा होता."

"मी तुम्हालाच आधी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुमची वाट बघून बघून त्याला सांगितलं. टॅबचं सोडा हो. मला वाटत होतं माझा आवाज गेला, आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात."

त्यानं मान खाली घातली. ती उठून खोलीकडे गेली आणि दारात थांबून म्हणाली, "हेडफोन लावा आणि बाहेर बसा. ओठ जुळतात का तेवढं सांगा. आज तो येणार नाहीये."

त्यानं लॅपटॉप आणि टॅब दोन्हीवर एकच चित्र केलं आणि हेडफोन लावला. पडद्यावर कुठली तरी परकी बाई परक्या मुलीच्या केसांवरून हात फिरवत होती. तिचे ओठ हलले आणि त्यातून त्याच्या बायकोचा आवाज आला, मऊ, जवळचा, जिवाला लागणारा. किती दिवसांत हा आवाज त्याच्या वाट्याला आला नव्हता. त्या पडद्यावरच्या पोरीचाच त्याला हेवा वाटला.

"जुळलं का?" आतून कोरड्या आवाजात प्रश्न आला.

"जुळलं," तो म्हणाला. "पुढचं घे."